कम्बाइनच्या तयारीची साप्ताहिक वही : झोप, ताण आणि चुका एका पानावर

अभ्यासिकेत बसणाऱ्या बऱ्याच जणांकडे तासांची नोंद असते. सोमवार १० तास, मंगळवार ११ तास, बुधवारी घरी पाहुणे आले म्हणून ६. टेस्टमध्ये मात्र मार्क तिथल्या तिथेच राहतात, आणि मग पुढच्या आठवड्यासाठी १२ तासांचा संकल्प होतो. खुर्चीवर किती वेळ बसलो एवढंच या नोंदीतून कळतं. त्या वेळात डोकं किती चाललं, कशामुळे अडलं आणि पेपरमध्ये मार्क नेमके कुठे गेले, हे त्यातून कळत नाही.

हा लेख अशा वहीबद्दल आहे जी रोज दोन-तीन मिनिटं आणि रविवारी साधारण पाऊण तास मागते. उदाहरण महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेचं, म्हणजे कम्बाइनचं घेतलं आहे. १०० प्रश्न, १०० गुण, एक तास आणि चुकीच्या उत्तराला पाव गुणाची वजावट, असा तो पेपर असतो. तासात शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद. इतक्या घाईच्या पेपरमध्ये ताण आणि झोप यांचा हिशेब थेट गुणांत उतरतो, म्हणून हेच उदाहरण सोयीचं. राज्यसेवा, सरळसेवा किंवा बँकेची तयारी करणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत, पद्धत तीच राहते.

वही कोणती आणि पहिल्या पानावर काय

साधी २०० पानी वही घ्या. ॲप नको, कारण नोंद करायला मोबाइल हातात घेतला की टेलिग्रामचा लाल ठिपका दिसतो. रंगीत पेन, स्टिकर, आखलेले चौकोन यांच्या नादी लागू नका. पहिल्या आठवड्यात वही सजवण्यात दीड तास घालवलेली माणसं तिसऱ्या आठवड्यात ती उघडत नाहीत, हे अभ्यासिकेत कोणालाही विचारा.

पहिल्या पानावर फक्त तुमची ताणाची पट्टी लिहायची. ० ते १० असे आकडे आपण वापरणार आहोत, पण प्रत्येकाचा ‘सात’ वेगळा असतो. पट्टी आधी ठरवली नाही, तर ज्या दिवशी मूड खराब त्या दिवशी सगळंच ९ वाटतं. म्हणून तीन खुणा शब्दांत लिहून ठेवा, आणि त्या शक्यतो शरीरावरून किंवा वागण्यावरून ओळखता येतील अशा ठेवा. उदाहरणार्थ :

२ म्हणजे पुस्तक उघडलं की लगेच लागतो, जेवण नेहमीसारखं.
५ म्हणजे मधूनमधून परीक्षेचा विचार येतो, पण पान उलटल्यावर परत लागतो.
८ म्हणजे एकच ओळ तीनदा वाचतोय, जबडा आवळलेला, पोटात गोळा, मेसमध्ये ताट अर्धं टाकलं.

यामधले आकडे अंदाजाने द्या. तंतोतंत मोजमाप इथे शक्यही नाही आणि गरजेचंही नाही. परवाचा ५ आणि आजचा ५ साधारण सारखे असले की पुरे.

रोजची ओळ

दुसऱ्या पानापासून रोज एक ओळ. तिच्यात चारच गोष्टी येतात.

पहिली, झोप. काल रात्री किती वाजता दिवा बंद केला आणि सकाळी किती वाजता उठलात, त्यावरून तास. ही झोप आजच्या ओळीत लिहायची, कारण तिचा परिणाम आजच्या दिवसावर होणार आहे. हा बारकावा छोटा वाटेल, पण रविवारी पान वाचताना सगळा खेळ यावरच आहे.

दुसरी, बैठका. एक बैठक म्हणजे मोबाइलला हात न लावता, न उठता, एकाच विषयावर ४५ ते ५० मिनिटं. मध्येच व्हॉट्सॲप बघितलं तर ती बैठक मोजायची नाही. सुरुवातीला हा नियम जाचक वाटतो आणि १० तास अभ्यास ‘करणाऱ्याच्या’ ओळीत पाचच बैठका दिसतात. दिसू द्या. खरा आकडा तोच आहे, आणि दिवसाला सहा चांगल्या बैठका हे काही कमी काम नव्हे.

तिसरी, ताणाचे दोन आकडे : एक दुपारी जेवणाआधी, एक रात्री झोपण्यापूर्वी. वेळ ठरलेली हवी. ‘ताण आला की लिहीन’ असं ठरवलं तर वहीत फक्त वाईट क्षण गोळा होतात आणि बऱ्या दुपारची नोंदच राहत नाही. उलट आठवड्याच्या शेवटी एकदाच आठवून लिहिलं, तर शनिवारची रात्र अख्ख्या आठवड्याला रंग देते.

चौथी, कारण. पाच-सहा शब्दांत. इथे एक अट कसोशीने पाळायची : घटना लिहायची, निकाल नाही. ‘मी नालायक आहे’, ‘माझ्याच्याने होणार नाही’ हे निकाल झाले. ‘दुपारी मित्राची पीएसआयची निवड कळली’, ‘घरून फोन, वयाचा विषय’, ‘अंकगणिताचा सेट अर्धा राहिला’ या घटना झाल्या. निकालावर रविवारी काहीच करता येत नाही, घटनेवर कधीकधी येतं. शिवाय झोपायच्या वेळी स्वतःला शिव्या देणारी वही ताण वाढवते, कमी करत नाही. कारण सुचलं नाही तर आडवी रेघ मारा.

एखादा दिवस राहिला तर ओळ कोरी सोडा. दुसऱ्या दिवशी आठवून भरू नका. कोरी ओळ ही पण माहिती आहे. ती बहुतेक वेळा सर्वांत ताणाच्या दिवशीच राहते.

चहा जास्त असेल तर पाचवा रकाना जोडायला हरकत नाही : शेवटचा चहा किंवा कॉफी किती वाजता घेतली. कॅफिनचा साधारण निम्मा भाग पाच-एक तासांनंतरही शरीरात असतो. रात्री साडेनऊला अभ्यासिका सोडताना कोपऱ्यावरचा कटिंग घेणाऱ्यांनी हा रकाना दोन आठवडे ठेवून बघावा.

चाचणीच्या वेळी करायच्या खुणा

आठवड्यातून एक पूर्ण पेपर वेळ लावून सोडवणं गृहीत धरलं आहे. आयोगाचे जुने पेपर असोत की क्लासची टेस्ट सिरीज, ओएमआरची छापील प्रत घेऊन गोल काळे करत सोडवा. कारण त्यातही वेळ जातो.

सोडवताना प्रश्नाच्या बाजूला पेन्सिलीने खूण करायची. खात्री असेल तर काही नाही. दोन पर्यायांत अडकलात तर ‘दो’. निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. ही खूण घरच्या सरावापुरतीच. प्रत्यक्ष परीक्षेत प्रश्नपुस्तिकेवर काय करता येतं हे तिच्यावरच्या सूचनांत लिहिलेलं असतं, तेच पाळायचं.

पेपर तपासल्यावर प्रत्येक चुकीच्या उत्तराला चारपैकी एक अक्षर द्या :

न – हा मुद्दा मी वाचलाच नव्हता.
वि – वाचला होता, आठवला नाही किंवा गोंधळ झाला.
वा – येत होतं, पण प्रश्न चुकीचा वाचला, आकडेमोड चुकली किंवा गोल चुकीचा भरला.
अं – अंदाज फसला.

‘सिली मिस्टेक’ हा शब्द वहीत वापरू नका. तो म्हटला की माणूस पुढे सरकतो, आणि मार्क तर तिथेच पडलेले असतात.

एक आठवडा प्रत्यक्ष

आता एक भरलेलं पान बघू. उदाहरणादाखल समजा, लातूरकडून पुण्यात आलेली एक मुलगी, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते, सकाळी आठ ते रात्री साडेनऊ अभ्यासिकेत असते. पूर्व परीक्षेला दोन महिने आहेत. रविवारी सकाळी टेस्ट, संध्याकाळी वही.

| वार | झोप (तास) | बैठका | ताण दुपार | ताण रात्र | कारण |
|---|---|---|---|---|---|
| सोम | ७ | ६ | ३ | ४ | – |
| मंगळ | ६॥ | ६ | ४ | ५ | अंकगणिताचा सेट अर्धा राहिला |
| बुध | ६॥ | ५ | ४ | ७ | रात्री ग्रुपवर कटऑफची चर्चा |
| गुरू | ५ | ३ | ६ | ६ | दुपारी पुस्तकावरच झोप |
| शुक्र | ७ | ६ | ४ | ४ | – |
| शनि | ६॥ | ५ | ५ | ८ | उद्या टेस्ट, ग्रुपवर इतरांचे मार्क |
| रवि | ४॥ | २ | ७ | | टेस्टमध्ये घाई झाली |

रविवारची रात्र अजून यायची आहे म्हणून ती जागा रिकामी आहे.

टेस्टचा हिशेब असा : ८४ प्रश्न सोडवले, ४९ बरोबर, ३५ चूक. ३५ चुकांची वजावट ८.७५, म्हणजे गुण ४०.२५. चुकांची वाटणी : न ११, वि ९, वा ८, अं ७.

तिला विचारलं तर ती म्हणेल, ‘अभ्यास कमी पडतोय, पुढच्या आठवड्यात सकाळी सहाला बसते.’ वही काय म्हणते ते आता पायरीपायरीने काढू.

रविवारची बैठक

*आधी नुसते आकडे.* कारणांचा रकाना हाताने झाका. पहिली पाच-दहा मिनिटं फक्त झोप आणि बैठका यांच्याकडे बघायचं. सर्वांत जास्त बैठकांचे दिवस आणि सर्वांत कमी बैठकांचे दिवस शेजारी शेजारी ठेवा. इथे सहा बैठकांचे तीन दिवस आहेत, त्यांची झोप ७, ६॥ आणि ७. कमी बैठकांचे दिवस गुरुवार आणि रविवार, झोप ५ आणि ४॥. रविवारी टेस्ट होती, म्हणून बैठका तशाही कमीच होणार होत्या, तेव्हा त्या आकड्याला फार किंमत देऊ नका. गुरुवारचा तीन मात्र बोलका आहे.

*मग एक ओळ मागे जा.* गुरुवारी झोप का कमी झाली याचं उत्तर गुरुवारच्या ओळीत नसतं, बुधवारच्या शेवटी असतं. बुधवार रात्र, ताण ७. रविवारच्या आधी शनिवार रात्र, ताण ८. आता कारणांवरचा हात काढा. दोन्हीकडे ‘ग्रुपवर’ हा शब्द आहे. दुपारचे आकडे पाहिले तर ताण ३ ते ५ मध्ये फिरतोय, पाचाच्या वर जाणाऱ्या दुपारी दोनच, आणि त्या दोन्ही झोप बुडाल्यानंतरच्या. म्हणजे तिचा आठवडा दिवसा बिघडत नाहीये. रात्री साडेनऊ ते बारा या अडीच तासांत बिघडतोय, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी होतेय. सकाळी सहाला बसण्याने हे सुटणार नाही, उलट झोप आणखी कापली जाईल.

*मग चुका.* आठ ‘वा’ चुका. येत असलेला प्रश्न चुकला की एक गुण गेला आणि वर पाव गुणाची वजावट, म्हणजे सव्वा. आठ सव्वे दहा. दहा गुण, ज्यांच्यासाठी एकही नवं पान वाचायचं नाही. कम्बाइनच्या कटऑफला अर्ध्या गुणावर माणसं राहतात, तिथे दहा गुण म्हणजे काय हे सांगायला नको.

या आठ प्रश्नांची आणखी एक चाळणी करा : ते पेपरमध्ये कुठे होते आणि कसे होते? समजा आठपैकी पाच ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ या जातीचे निघाले आणि तीन शेवटच्या दहा मिनिटांतल्या आकडेमोडीचे. ‘अयोग्य’ हा शब्द निसटणं ही थकलेल्या डोळ्यांची खूण आहे, आणि त्यावर दुसरा उपायही आहे : विधानं वाचण्याआधी प्रश्नाचं विचारणारं वाक्य मनात एकदा पूर्ण म्हणायचं आणि त्यातला नकार आधी पकडायचा. आयोगाचे जुने पेपर घेऊन फक्त असेच ३० प्रश्न एका बैठकीत सोडवा.

‘अं’ चुकांबाबत मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. सात अंदाज फसले म्हणून ‘आता तुक्के बंद’ असं ठरवणं चूक ठरू शकतं, कारण लागलेले अंदाज आपण मोजलेलेच नसतात. पेन्सिलीच्या खुणा इथे कामाला येतात. समजा ‘अं’ आणि ‘दो’ मिळून १२ खुणा होत्या, ५ लागल्या आणि ७ फसल्या. पाच गुण मिळाले, पावणेदोन गेले, हाती सव्वातीन राहिले. अंदाज तोट्यात नव्हते. चार पर्यायांत डोळे झाकून उत्तर दिलं तर सरासरीने जवळजवळ शून्यच हाती लागतं. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर अंदाज फायद्याचा होतो. तुमच्या स्वतःच्या खुणा चार-पाच टेस्टमध्ये काय दाखवतात त्यावर धोरण ठरवा, एका टेस्टवर नको.

*मग कोरं पान.* या पायरीला दहा मिनिटं द्या. सोमवारी किंवा मंगळवारी वाचलेला एक धडा निवडा, पुस्तक बंद ठेवा आणि आठवेल ते सगळं कोऱ्या पानावर लिहा. समजा राज्यपालांचे अधिकार हा भाग. लिहून झाल्यावर पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनाने भरा. जितकं लाल, तितक्या ‘वि’ चुका भविष्यात तुमची वाट बघतायत असं समजा.

हे आठवड्यानेच का, याला एक कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. अभ्यासिकेत ‘तिसरं रिव्हिजन झालं’ म्हणताना जो आत्मविश्वास वाटतो, तो पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेचा असतो. परीक्षा हॉलमधला प्रसंग आठवड्यानंतरचा, किंवा महिन्यांनंतरचा असतो. म्हणून ‘वि’ चुकांवर उपाय पुन्हा वाचन हा नाही. ज्या धड्यांतून ‘वि’ येतात ते कोऱ्या पानाच्या यादीत टाका. ‘न’ चुकांना मात्र वाचनच लागतं, त्यांचे मुद्दे थेट पुढच्या आठवड्याच्या वाचनात घाला. तेही सगळे नव्हे. जे आयोगाच्या जुन्या प्रश्नांत वारंवार दिसतात तेवढेच.

*शेवटी एकच बदल.* एकच, आणि तो वेळ व जागेसकट लिहायचा. ‘मोबाइल कमी वापरणार’ हा बदल नाही, ती इच्छा आहे. आपल्या उदाहरणातल्या मुलीने असं लिहावं : ‘रात्री साडेनऊला अभ्यासिकेच्या पायऱ्या उतरताना अभ्यासाचे सगळे ग्रुप सकाळपर्यंत म्यूट करणार. खोलीत शिरल्यावर मोबाइल कपाटात, गजर घड्याळाचा.’ त्यासाठी गजराचं स्वस्त घड्याळ आणावं लागेल, तर तेही लिहा. नाहीतर ‘गजरासाठी’ म्हणून मोबाइल उशाशी येतो आणि बदल सोमवारीच संपतो.

तीन-चार बदल एकदम करू नयेत. पुढच्या रविवारी काही सुधारलं तर ते कशाने सुधारलं हे कळणार नाही, आणि नाही सुधारलं तर सगळेच सोडून दिले जातील.

राहिलेल्या कामांचा ढीग वहीत पुढे पुढे ढकलत नेऊ नका. प्रत्येक राहिलेल्या कामाला वार द्या, नाहीतर त्यावर काट मारा. सलग तिसऱ्या रविवारी तेच काम यादीत दिसलं, तर ते तुम्ही करणार नाही हे उघड आहे. काट मारल्याने अभ्यासक्रम कमी होत नाही, पण रात्रीचा ताण कमी होतो.

दुसऱ्या रविवारी काय बघायचं

पुढच्या आठवड्याचं पान पहिल्याच्या समोर येईल असं लिहा, म्हणजे डावं-उजवं पान सोबत दिसतं. समजा आता बुधवार रात्रीचा ताण ५ आला, गुरुवारची झोप ६॥ आणि बैठका ५. शनिवार रात्र मात्र अजून ७ आहे, रविवारची झोप ६. टेस्टमध्ये ८० प्रश्न सोडवले, ५० बरोबर, ३० चूक, गुण ४२.५. ‘वा’ चुका आठवरून चारवर.

यातून काय म्हणता येईल? सव्वादोन गुण वाढले याचा पुरावा म्हणून काहीही उपयोग नाही. दोन पेपर सारखे अवघड नसतातच, एवढा फरक नुसत्या पेपरमुळे पडतो. ‘वा’ निम्म्यावर आल्या ही जास्त कामाची खूण आहे. तीही आणखी दोन आठवडे टिकली तरच धरायची. आणि शनिवारचा ७ सांगतो की कटऑफची चर्चा बंद झाली तरी टेस्टची भीती वेगळी आहे, ती ग्रुपमुळे नव्हती. तेव्हा पुढचा बदल शनिवारच्या संध्याकाळवर करायचा : सातनंतर नवीन काही वाचायचं नाही, ओएमआर, पेन आणि पाणी रात्रीच टेबलावर काढून ठेवायचं, असं काहीतरी. आधीचा बदल चालू राहतोच.

एखादा आठवडा सगळं नीट करूनही ताण वाढलेला दिसेल आणि कारण अभ्यासात सापडणार नाही. जाहिरात लांबते, परीक्षेची तारीख सरकते, निकाल अडकतो. राज्यसेवेची २५ ऑगस्ट २०२४ ची पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेशी एकाच दिवशी आली, पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. अशा आठवड्यांत कारणाच्या रकान्यापुढे ‘बा’ लिहा, म्हणजे बाहेरचं. ‘बा’ कारणांवर रविवारी बदल शोधत बसायचं नाही. त्या आठवड्यात फक्त झोप टिकवायची आणि बैठकांचं लक्ष्य स्वतःहून दोनने कमी करायचं. घरून येणारे लग्नाचे, वयाचे फोनही बरेचदा ‘बा’ असतात, पण त्यात एक गोष्ट हातात असते : फोनची वेळ. रात्री दहाचा फोन संध्याकाळी सहावर आणला तर बोलणं तेच राहतं, झोप वाचते. आईला ‘रात्री रेंज नसते’ असं सांगणारे बरेच आहेत. सरळ ‘सहाला करतो, निवांत बोलू’ म्हटलं तरी चालतं.

वही बिघडतेय हे कसं ओळखायचं

सगळे आकडे गुळगुळीत दिसायला लागले, म्हणजे रोज ताण ५, रोज बैठका ६, की समजा ओळी आठवड्याच्या शेवटी एकदम भरल्या जातायत. असं झालं तर रकाने कमी करा : फक्त झोप आणि रात्रीचा ताण. पंधरा दिवस तेवढंच.

रविवारची बैठक दीड-दोन तासांवर जायला लागली, तर वहीच अभ्यास टाळण्याचं साधन झाली आहे. मोबाइलवर ४५ मिनिटांचा टायमर लावा, वाजला की वही बंद.

रूममेटशी आकड्यांची तुलना सुरू झाली तर बैठका फुगतात आणि ताण खोटा कमी लिहिला जातो. वही कोणाला दाखवायची नाही. अपवाद एकच, गरज पडली तर डॉक्टरांना.

ती गरज कधी, हेही वहीतूनच कळतं. रात्रीचा ताण सलग दोन आठवडे ७ च्या खाली आलाच नाही, झोप वारंवार पाच तासांच्या आत राहिली, जेवण सुटलं, अभ्यासाशिवायच्या गोष्टींतही मन लागेना, तर तो सवयी बदलून सुटणारा प्रश्न राहिलेला नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे जाताना वहीची शेवटची दोन-तीन पानं सोबत न्या, ‘कधीपासून’ आणि ‘किती झोप’ या प्रश्नांची उत्तरं तयार असतात. आणि जगणं नको, स्वतःला इजा करावी, असा विचार एकदाही आला तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगायचं आणि फोन लावायचा.

परीक्षेआधीचे दोन आठवडे

शेवटच्या दोन आठवड्यांत नवा बदल सुरू करू नका. रविवारची बैठक वीस मिनिटांची ठेवा : ‘वा’ चुका कोणत्या जातीच्या येतात ते पाहायचं आणि कोरं पान लिहायचं, बस. दुपारचा ताण लिहिणं बंद केलं तरी चालेल, कारण या दिवसांत तो सगळ्यांचाच चढलेला असतो आणि रोज तो आकडा पाहून काही मिळत नाही. झोपेचा रकाना मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत भरा. शेवटच्या टेस्टा प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळेलाच द्या, म्हणजे प्रवेशपत्रावर सकाळची वेळ असेल तर सकाळी. उठण्याची वेळ त्यानुसार आठवडाभर आधीच सरकवा, आणि रोजच्या ओळीत ती सरकली का ते पाहा. परीक्षेच्या दिवशी वही खोलीवर ठेवा. संध्याकाळी परत आल्यावर उत्तरतालिकांच्या गोंधळात शिरण्याआधी त्या दिवसाची ओळ लिहा : झोप किती झाली, ‘अयोग्य’ विधानांच्या प्रश्नांत काय झालं, शेवटच्या दहा मिनिटांत हात कसा चालला. मुख्य परीक्षेसाठी किंवा पुढच्या जाहिरातीसाठी वही पुन्हा उघडाल तेव्हा पहिल्या पानावरची ताणाची पट्टी या ओळीवरून दुरुस्त करून घ्या, कारण खरा ८ कसा असतो हे आता तुम्हाला माहीत असेल.